पल्ल्यामागचा हिशेब

कोणत्याही लढाऊ किंवा मालवाहू विमानाच्या माहितीपत्रकात पल्ला म्हणून एक आकडा छापलेला असतो. वाचक तो आकडा नकाशावर मोजतो, कंपासने वर्तुळ काढतो आणि विमान कुठवर पोचेल याचा अंदाज बांधतो. या अंदाजात बरेच काही सुटते. विमान कुठल्या धावपट्टीवरून उडणार, पोटात किती वजन घेणार, वाटेत त्याला इंधन कोण देणार आणि ते इंधन तिथवर कोण नेणार, याचा त्या आकड्यात पत्ताच नसतो. हवाई दलाचा खरा पल्ला या प्रश्नांच्या उत्तरांवर ठरतो. हवेत इंधन भरणारी टँकर विमाने आणि अवजड मालवाहू विमाने यांच्यावर पुढे सविस्तर प्रकरणे आहेत. त्याआधी हा हिशेब एका खऱ्या युद्धात कसा मांडला गेला आणि कुठे चुकला ते सांगणे मला गरजेचे वाटते. ते युद्ध १९८२ सालचे, फॉकलंड बेटांचे.

२ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाने दक्षिण अटलांटिकमधली ही बेटे ताब्यात घेतली. अर्जेंटिनाचा रिओ ग्रान्दे हवाई तळ तिथून सुमारे ७०० किलोमीटरवर होता. ब्रिटनला जवळची म्हणावी अशी एकच धावपट्टी होती, ती असेन्शन बेटावरची वाइडअवेक. हे बेट विषुववृत्ताच्या जरासे खाली आहे. तिथून पोर्ट स्टॅन्ली सुमारे सव्वासहा हजार किलोमीटर, आणि मध्ये नुसता समुद्र. ब्रिटिश हवाई दलाकडे व्हल्कन बॉम्बफेकी विमाने होती, पण ती निवृत्तीच्या उंबरठ्यावर होती आणि एका टाकीत बॉम्ब घेऊन स्टॅन्लीला पोचणेही त्यांच्या आवाक्याबाहेर होते. मग परत येण्याचा प्रश्नच नव्हता. हवेत इंधन भरण्याची व्यवस्था या विमानांत मूळची होती, मात्र ती कित्येक वर्षे वापरात नव्हती. तिच्या नळ्या आणि झडपा दुरुस्त करण्यात आल्या, आणि विमानाच्या नाकावर बसणारे प्रोब जमवण्यासाठी प्रदर्शनात उभ्या असलेल्या जुन्या विमानांवरूनही ते काढून आणावे लागले. टँकर म्हणून होती ती व्हिक्टर विमाने. तीही मुळात बॉम्बफेकीच. नंतर त्यांचे टँकर केले होते.

टँकर पाठवला की पल्ला दुप्पट, असे सहज वाटते. तसे होत नाही. समजा टँकरमध्ये ५० टन इंधन आहे आणि तो तासाला ५ टन जाळतो. तळापासून दोन तासांच्या अंतरावर त्याने कोणाला इंधन द्यायचे ठरवले, तर त्याच्या स्वतःच्या जाण्यायेण्याला २० टन लागतील आणि देण्यासाठी ३० टन उरतील. चार तासांच्या अंतरावर गेला तर ४० टन तोच खाईल आणि देईल फक्त १०. पाच तासांवर त्याच्याकडे देण्यासारखे काहीच उरत नाही. शिवाय यात राखीव साठा धरलेला नाही. लांबच्या बाजाराला कडबा घेऊन निघालेल्या गाडीचे बैल वाटेत तोच कडबा खातात, तशी ही गत आहे. पाच तासांच्या पलीकडे जायचे असेल तर टँकरलाच दुसऱ्या टँकरने वाटेत भरावे लागते, त्या दुसऱ्याला तिसऱ्याने. अंतर थोडे वाढले तरी विमानांची संख्या झपाट्याने वाढत जाते ती यामुळेच.

असेन्शनवर हा हिशेब कागदावर मांडला गेला आणि एका व्हल्कनला स्टॅन्लीला नेण्यासाठी टँकरांचा अख्खा ताफा लागेल असे उत्तर आले. ३० एप्रिलच्या रात्री ११ व्हिक्टर आणि २ व्हल्कन एकामागून एक उडाली. दुसरे व्हल्कन राखीव होते, टँकरही राखीव धरून होते. काही अंतर गेल्यावर काही टँकर आपले इंधन बाकीच्या टँकरांमध्ये रिकामे करून परत फिरायचे, बाकीचे पुढे जायचे, पुन्हा काही रिकामे होऊन फिरायचे. अखेरीस एक व्हिक्टर आणि एक व्हल्कन एवढेच उरायचे, अशी आखणी होती. परत आलेल्या काही व्हिक्टरांना तळावर इंधन भरून पुन्हा उडायचे होते, कारण परतणाऱ्या व्हल्कनलाही वाटेत इंधन लागणार होते.

हवेत इंधन भरताना नेमके काय घडते ते इथे जवळून पाहायला हवे. व्हिक्टरच्या पोटातून सुमारे २५ मीटर लांबीची नळी मागे सोडली जाते. तिच्या टोकाला फनेलसारखी एक टोपली असते, तिला बास्केट किंवा ड्रोग म्हणतात. इंधन घेणाऱ्या विमानाच्या नाकावर प्रोब असतो. वैमानिकाला तो प्रोब त्या टोपलीत घालायचा असतो. दोन्ही विमाने ताशी पाचसहाशे किलोमीटरच्या वेगात असली तरी घेणाऱ्याचा वेग देणाऱ्यापेक्षा फक्त माणूस भरभर चालतो तितका जास्त असावा लागतो. त्याहून कमी असला तर प्रोब टोपलीला नुसता टेकतो आणि कुलूप लागत नाही. जास्त असला तर नळीला झोल पडतो, तो झोल लाटेसारखा टँकरपर्यंत जाऊन चाबकासारखा परत येतो आणि प्रोबचे टोक मोडतो. हे टोक मुद्दामच कमजोर ठेवलेले असते, म्हणजे मोडायचेच तर ते मोडावे आणि विमान वाचावे. त्यातच विमानाच्या नाकापुढे हवेचा दाब असतो आणि तो टोपलीला ऐन वेळी बाजूला ढकलतो. म्हणून शिकवताना सांगतात की टोपलीकडे टक लावून तिच्यामागे धावू नये. नजर टँकरवर ठेवावी आणि त्याच्याशी आपले विमान स्थिर राखावे. प्रोब बसल्यावर आणखी थोडे पुढे सरकायचे असते. तेव्हा टँकरमधला रहाट नळीचा सैलपणा गुंडाळून घेतो, झडप उघडते, टँकरच्या पोटाखालचा हिरवा दिवा लागतो आणि इंधन वाहू लागते. पुढची काही मिनिटे त्याच अंतरावर तसेच टिकून राहायचे. विमान जड होत जाते, त्याचा नूर बदलत जातो, आणि वैमानिकाला थ्रॉटल सतत सावरावा लागतो.

त्या रात्री आखणी पहिल्या तासातच बिघडू लागली. मुख्य व्हल्कनच्या कॉकपिटमधल्या खिडकीचा रबरी सील नीट बसेना, आत हवेचा दाब धरेना, म्हणून ते परत फिरले आणि राखीव व्हल्कनचे वैमानिक मार्टिन विदर्स यांच्यावर कामगिरी आली. एका व्हिक्टरची इंधन देण्याची यंत्रणा बिघडली, तोही परतला. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र सावकाश लक्षात आली: व्हल्कन हिशेबापेक्षा जास्त इंधन पीत होते. त्याच्या पोटात प्रत्येकी हजार पौंडांचे २१ बॉम्ब होते. उड्डाणाच्या वेळी त्याचे वजन ठरलेल्या कमाल मर्यादेच्या वर होते. शिवाय ते व्हिक्टरांच्या सोबतीने उडत होते, म्हणजे स्वतःला सोयीची उंची आणि वेग सोडून दोघांना जमेल अशा तडजोडीच्या उंचीवर आणि वेगावर. प्रत्येक भरणात थोडे जास्त इंधन द्यावे लागत होते आणि ती तूट साखळीतल्या पुढच्या टँकरच्या माथी पडत होती.

शेवटचा टप्पा उरला तेव्हा दक्षिणेकडे दोन व्हिक्टर आणि व्हल्कन होते. आखणीप्रमाणे एका व्हिक्टरचे वैमानिक बॉब टक्सफर्ड यांनी आपले इंधन स्टीव्ह बिगलंड्स यांच्या व्हिक्टरला देऊन परतायचे होते आणि बिगलंड्स यांनी व्हल्कनसोबत पुढे जायचे होते. नेमके तेव्हाच ते वादळी ढगांत सापडले. विमाने वरखाली फेकली जात होती, नळी आणि टोपली थाऱ्यावर राहत नव्हती. इंधन घेताघेता बिगलंड्स यांच्या विमानाचा प्रोब मोडला. आता ते इंधन घेऊ शकत नव्हते, म्हणजे पुढेही जाऊ शकत नव्हते. पण त्यांच्या टँकरमधून देणे अजून शक्य होते. म्हणून दोघांनी भूमिका बदलल्या: टक्सफर्ड मागे आले, त्याच वादळात बिगलंड्स यांच्या नळीला जोडले गेले आणि दिलेले इंधन त्यांनी परत घेतले. मोडलेल्या प्रोबचे टोक टक्सफर्ड यांच्या टोपलीत अडकले असेल, तर व्हल्कनला इंधन मिळणारच नव्हते. म्हणून व्हल्कनने जवळ येऊन दिव्याच्या उजेडात टोपली न्याहाळली आणि आधी थोडेसे इंधन घेऊन पाहिले. ते वाहिले, तेव्हाच मोहीम पुढे न्यायचे ठरले.

शेवटच्या भरणात टक्सफर्ड यांनी व्हल्कनला ठरल्यापेक्षा सुमारे तीन टन इंधन कमी दिले, आणि तेवढे देण्यासाठीही आपल्या परतीच्या इंधनाला हात घातला. त्यांच्या विमानात आता असेन्शनला पोचण्याइतके इंधन नव्हते. मदतीसाठी दुसरा टँकर बोलावायचा तर रेडिओवर बोलावे लागले असते आणि हल्ल्याचा सुगावा लागला असता. म्हणून बॉम्ब पडल्याचा सांकेतिक शब्द कानी येईपर्यंत त्यांच्या कर्मचाऱ्यांनी मौन पाळले. तो शब्द ऐकल्यावरच त्यांनी टँकर मागितला. तो आला आणि ते परत पोचले. विदर्स यांनीही ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ वाट पाहणाऱ्या व्हिक्टरकडून इंधन घेतले आणि सुमारे १६ तासांनंतर ते असेन्शनला उतरले. या सगळ्याचे फळ म्हणजे स्टॅन्लीच्या धावपट्टीच्या मध्यावर पडलेला एक खड्डा.

या खड्ड्याची किंमत काय, यावर आजही वाद होतो. मला त्यातली एक गोष्ट या विषयासाठी फार मोलाची वाटते. तो खड्डा अर्जेंटिनाने तात्पुरता भरला. दिवसा धावपट्टीवर मातीचे ढीग रचून ती निकामी असल्याचा देखावा केला आणि रात्री तिच्यावर हर्क्युलिस मालवाहू विमाने उतरवली. शरणागतीच्या आदल्या रात्रीपर्यंत ही विमाने येत राहिली. लढाऊ जेट विमानांना गुळगुळीत, लांब पट्टी लागते. हर्क्युलिसला रुंद टायर, उंचावरचे पंख आणि पंख्याची इंजिने आहेत. ते अर्ध्या पट्टीवर, खडबडीत जमिनीवरही उतरते. म्हणजे अकरा टँकरांच्या बळावर आलेल्या हल्ल्याने जी धावपट्टी लढाऊ विमानांसाठी धोक्याची ठरली, तीच मालवाहू विमानांसाठी शेवटपर्यंत चालू राहिली. टँकर आणि मालवाहू विमान, पल्ल्याचे काम करणारी ही दोन यंत्रे एकमेकांपेक्षा किती वेगळी आहेत हे यातून स्पष्ट दिसते.

अर्जेंटिनाकडेही टँकर होते, पण फक्त दोन: टँकर केलेली केसी-१३० हर्क्युलिस. ४ मे रोजी रिओ ग्रान्देहून निघालेल्या दोन सुपर एतांदार विमानांनी अशाच एका टँकरकडून वाटेत इंधन घेतले आणि त्यांच्या एक्झोसे क्षेपणास्त्राने ब्रिटिश विनाशिका शेफील्ड निकामी केली; पुढे ती बुडाली. स्कायहॉक विमानांनाही प्रोब होते. मिराज आणि डॅगर विमानांना मात्र प्रोबच नव्हते. ती बेटांवर पोचत तेव्हा त्यांच्याकडे परतीपुरते इंधन आणि वर जेमतेम काही मिनिटे असत. आकाशात थांबून वाट पाहणे, ब्रिटिश सी हॅरियर विमानांशी झुंजणे, दुसऱ्यांदा वळून येणे त्यांना परवडत नव्हते. वेगाने श्रेष्ठ असलेली विमाने एका नळीच्या अभावी हवाई झुंजीत जवळजवळ निष्प्रभ झाली. टँकर अंतर वाढवतो हे खरे, पण लढाईत त्याहून जास्त उपयोगी पडतो तो त्याने दिलेला वेळ.

आता मालवाहू विमानांकडे वळू. ब्रिटनची हर्क्युलिस विमाने जिब्राल्टर आणि डकार इथे थांबत असेन्शनला माल पोचवत होती. त्यात न मावणाऱ्या अवजड सामानासाठी हवाई दलाकडे एकेकाळी बेलफास्ट नावाची मोठी विमाने होती, पण ती १९७६ साली काटकसर म्हणून काढून टाकली होती. १९८२ मध्ये तीच विमाने खासगी कंपनीकडून भाड्याने घ्यावी लागली. असेन्शनच्या पुढे मात्र प्रश्न वेगळा होता. समुद्रात असलेल्या आरमाराला तातडीचे सुटे भाग, माणसे, टपाल पोचवायचे, तर उतरायला जागा नाही. पॅराशूटने समुद्रात टाकून बोटीने उचलायचे. गूज ग्रीनच्या लढाईत पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या तुकडीचे प्रमुख मारले गेले, तेव्हा त्यांच्या जागी नेमलेले लेफ्टनंट कर्नल डेव्हिड चॉन्डलर असेच हर्क्युलिसमधून समुद्रात उतरले.

यासाठी हर्क्युलिसच्या माल ठेवण्याच्या जागेत जादा टाक्या बसवल्या गेल्या. त्याने पल्ला वाढला, पण टाक्या आणि त्यातले इंधन यांनी मालाचे वजन खाल्ले. चार टाक्यांच्या विमानात माल फारच थोडा नेता येई. म्हणून काही विमानांच्या कॉकपिटवर घाईघाईने प्रोब बसवले. इथे नवी अडचण आली. व्हिक्टर हे जेट विमान, त्याला हळू उडता येईना. हर्क्युलिस पंख्याचे विमान, त्याला तितके जोरात उडता येईना. यावर वैमानिकांनी काढलेला मार्ग असा: दोघांनी सुमारे २३ हजार फुटांवर एकत्र यायचे आणि दर मिनिटाला पाचशे फूट या बेताने उतरत राहायचे. उतारावर हर्क्युलिसला वेग मिळतो आणि ते नळीला टिकून राहते. पाव तासात हजारो फूट खाली येऊन भरण पूर्ण व्हायचे. खाली ढग किंवा वादळ असेल तर उतारालाच जागा उरत नाही, ही या युक्तीची मर्यादा. या पद्धतीने हर्क्युलिसची उड्डाणे चोवीस तासांवर गेली. जूनमधले एक उड्डाण तर २८ तासांहून लांबले.

युद्ध संपल्यावर असेन्शन ते स्टॅन्ली अशी हर्क्युलिसची नियमित फेरी सुरू झाली. एका फेरीला सुमारे १३ तास आणि वाटेत हवेत इंधन. बेटांवर हवा बिघडली आणि उतरता आले नाही, तर जवळपास दुसरी धावपट्टी नाही. पुन्हा असेन्शन गाठायचे. ब्रिटनने यावर शोधलेले कायमचे उत्तर दुहेरी होते. एक, ब्रिटिश एअरवेजकडून सहा ट्रायस्टार प्रवासी विमाने विकत घेऊन त्यांचे टँकर आणि मालवाहू असे दुहेरी काम करणारे रूप केले. दोन, फॉकलंडवर माउंट प्लेझंट इथे मोठ्या जेट विमानांना पुरेल अशी लांब धावपट्टी बांधली; ती मे १९८५ मध्ये सुरू झाली. त्यानंतर बेटांवर थोडी फौज ठेवून, गरज पडताच बाकीची विमानाने आणणे शक्य झाले. एका काँक्रीटच्या पट्टीने कित्येक टँकरांचे काम कमी केले.

भारतीय वाचकाला या हिशेबाचा प्रत्यक्ष संबंध आहे. आपल्या हवाई दलाकडे इल्युशिन-७८ टँकर आहेत, एकूण सहा, आग्र्याच्या तळावरचे. २००८ साली पुण्याच्या लोहगाव तळावरच्या २० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची सुखोई-३० विमाने अमेरिकेतल्या नेलिस तळावर सरावाला गेली, ती याच टँकरांच्या सोबतीने. हे टँकर नळी आणि टोपलीच्या पद्धतीने इंधन देतात. सुखोई, राफेल यांना प्रोब असतात, त्यांना ते चालते. आपल्या ११ सी-१७ ग्लोबमास्टर मालवाहू विमानांना मात्र प्रोब नाही. अमेरिकी पद्धतीप्रमाणे त्यांच्या छपरावर एक खाच असते आणि टँकरमधला माणूस ताठ नळकांडे चालवत तिच्यात बसवतो. हे नळकांडे, म्हणजे बूम, इल्युशिनवर नाही. म्हणून आपले टँकर आपल्याच सर्वांत मोठ्या मालवाहू विमानाला इंधन देऊ शकत नाहीत. मार्च २०२४ मध्ये समुद्री चाच्यांच्या ताब्यातल्या रुएन जहाजाजवळ सी-१७ ने दोन बोटी आणि मार्कोस कमांडो पॅराशूटने उतरवले. भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवरचे हे काम, दहा तासांचे उड्डाण, त्याच्या स्वतःच्या टाक्यांवरच झाले. विमान मोठे असल्याने ते जमले. याहून दूर किंवा याहून जड असते, तर हिशेब पुन्हा मांडावा लागला असता.

पुढची प्रकरणे वाचताना एवढे ध्यानात ठेवावे. एखादा देश नवे विमान घेतो आणि बातमीत पल्ल्याचा आकडा येतो, तेव्हा चार गोष्टी विचाराव्यात. हा आकडा रिकाम्या विमानाचा की भरलेल्या? वाटेतल्या टँकरचे इंधन ज्या तोंडाने बाहेर पडते ते या विमानाच्या तोंडाला बसते का? तो टँकर तिथवर गेल्यावर त्याच्याकडे देण्याइतके उरते का? आणि शेवटी, उतरायला पट्टी आहे का, तिचा मालक कोण, आणि ऐन संकटात तो हो म्हणेल का? असेन्शनची वाइडअवेक पट्टी अमेरिकेच्या वापरात होती आणि अमेरिकेने ब्रिटनला ती वापरू दिली. ती परवानगी नसती तर अकरा व्हिक्टर, त्यांच्या टाक्या आणि वैमानिकांचे कौशल्य यांतले काहीच उपयोगी पडले नसते. लांब पल्ल्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक हवाई दलाला आधी मैत्री करावी लागते आणि धावपट्ट्या शोधाव्या लागतात. टँकर त्यानंतर येतो.